शेवटच्या रकान्यात काय लिहिलं आहे?

सामूहिक वनहक्काचा पट्टा हातात आला की पुढचे कागद दारात येतात. जंगल राखायला पैसा लागतो, पैसा मागायला प्रस्ताव लागतो, आणि प्रस्तावासोबत आता एक तक्ता मागतात. आडव्या चार ओळी आणि उभे चार रकाने. त्याचं नाव लॉजिकल फ्रेमवर्क. कार्यालयातली माणसं त्याला नुसतं लॉगफ्रेम म्हणतात. बरीच गावं हा तक्ता संस्थेच्या कार्यकर्त्याकडे किंवा सल्लागाराकडे सोपवतात. तो रात्री बसून भरतो, सकाळी समितीचे अध्यक्ष सही करतात, आणि त्यात काय लिहिलं ते गावाला तीन वर्षांनी कळतं. तेव्हा तपासणीला आलेला माणूस तोच तक्ता मांडीवर घेऊन बसलेला असतो.

आमचं म्हणणं असं की हा तक्ता गावानं स्वतः भरावा. तो अवघड नाही. गावकारभारात आपण रोज जो विचार करतो, तोच यात ओळीनं मांडायचा असतो. पण त्यातला शेवटचा रकाना धोक्याचा आहे, म्हणून या अंकात त्याच्यावर जास्त लिहितो आहोत.

आधी हा तक्ता आला कुठून ते पाहू. 1969 साली अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत खात्यासाठी लिऑन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला. त्या खात्याची अडचण तीन पदरी होती. प्रस्ताव मोघम असायचे. काम फसलं तर जबाबदार कोण हे ठरत नसायचं. आणि तपासणी म्हणजे नुसतं भांडण व्हायचं, कारण काय साधायचं होतं हेच कुठं लिहिलेलं नसायचं. तक्त्यानं दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एका बाजूला काम करणारा ज्या गोष्टी नक्की करून दाखवील त्या, आणि दुसऱ्या बाजूला ज्या त्याच्या हातात नाहीत त्या. दुसऱ्या बाजूच्या गोष्टी शेवटच्या रकान्यात गेल्या. त्या रकान्यात जे लिहिलं जातं, त्याचा जाब काम करणाऱ्याला विचारत नाहीत. पुढं 1980 नंतर जर्मनीच्या मदत संस्थेनं हीच पद्धत लोकांना एकत्र बसवून, चिठ्ठ्या भिंतीवर लावून वापरायला सुरुवात केली. मग ती सगळीकडे पसरली.

आता एक नमुना घेऊ. गाव खरं नाही, आम्ही मांडलेलं आहे, पण मालेगाव-मानोऱ्याकडच्या कोणत्याही वस्तीला ते ओळखीचं वाटेल. घरं 74. सामूहिक वनहक्काचं जंगल 160 हेक्टर. साग, पळस, तेंदू, मोह, आणि उतारावर सीताफळ. दर उन्हाळ्यात वणवा लागतो. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात. या गावाच्या प्रस्तावात उद्दिष्टं अशी लिहिली आहेत: जंगलाचं संरक्षण व संवर्धन करणे. 5000 रोपं लावणे. वणवा थांबवणे. लोकांचं जीवनमान उंचावणे. बचत गटांना सीताफळाची प्रतवारी शिकवणे. नाल्यावर 12 दगडी बांध घालणे. स्थलांतर कमी करणे. समितीची बैठक दर महिन्याला घेणे. जनजागृती करणे.

नऊ उद्दिष्टं आहेत, आणि नऊही चांगली आहेत. पण ती एका जातीची नाहीत. "बैठक घेणे" हे काम आहे. "स्थलांतर कमी करणे" हे कामाचं नाव नाही, अनेक कामं साधली तर पुढं कधीतरी दिसणारी ती गोष्ट आहे. गहू, पीठ आणि भाकर एकाच टोपल्यात टाकल्यासारखं हे झालं. म्हणून पहिलं काम निवडण्याचं. प्रत्येक उद्दिष्ट एका चिठ्ठीवर लिहा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी खूण काढा, वणव्याला जाळ, रोपाला पान. मग प्रत्येक चिठ्ठीला दोन प्रश्न विचारा. "हे कशासाठी?" म्हटलं की उत्तर वरच्या पायरीवर जातं. "हे कसं करणार?" म्हटलं की खालच्या पायरीवर येतं.

अशानं चार पायऱ्या होतात. सगळ्यात खाली कामं, म्हणजे आपण हातानं करतो ते. त्यावर फलित, म्हणजे कामं पुरी झाल्यावर उभं राहतं आणि दाखवता येतं ते. त्यावर हेतू, म्हणजे त्या फलितांमुळे लोकांच्या जगण्यात जो एक बदल व्हावा म्हणून हा प्रस्ताव आहे तो. सगळ्यात वर ध्येय. तिथं हा प्रस्ताव एकटा पोचत नाही, नुसता हातभार लावतो. हेतू एकच ठेवावा. दोन हेतू ठेवले की काम अर्ध्यावर आल्यावर पैसा कुठं घालायचा यावर समितीत दोन तट पडतात.

नऊ चिठ्ठ्या लावून पाहू. "स्थलांतर कमी करणे" वर गेली, ते ध्येय. "जीवनमान उंचावणे" म्हणजे नेमकं काय, असं विचारलं तर गाव म्हणतं, जंगलातून घराला दर हंगामात चार पैसे यावेत. तो झाला हेतू. "वणवा थांबवणे" आणि "संरक्षण व संवर्धन" एकत्र आल्या आणि पहिलं फलित झालं: जंगल राखलेलं, नवी वाढ उभी. प्रतवारीचं शिक्षण आणि मासिक बैठक ही कामं, ती खाली गेली.

तीन चिठ्ठ्या उरल्या. "जनजागृती" कशासाठी, याचं उत्तर कोणालाच देता आलं नाही. ती फाडली. "12 दगडी बांध" कशासाठी? नाल्यात पाणी टिकावं म्हणून. पण त्या पाण्यानं सीताफळाचा पैसा वाढतो का? नाही. काम चांगलं आहे, पण या शिडीला लागत नाही. ते रोजगार हमीच्या आराखड्यात टाकलं. "5000 रोपं" कशासाठी? जंगल दाट व्हावं म्हणून. तेव्हा एका म्हाताऱ्या ढोरक्यानं हटकून विचारावं असा प्रश्न आहे: सागाची, तेंदूची, पळसाची खुंटं जमिनीत जिवंत आहेत, दर पावसाळ्यात फुटतात, आणि दर उन्हाळ्यात जळतात. मग रोपं कशाला? आग आणि ढोरं तीन वर्षं आवरली तर त्याच खुंटांचं जंगल उभं राहतं, आणि त्यांची मुळं आधीच खोल असल्यानं ती रोपांपेक्षा लवकर वाढतात. 5000 चे 800 केले, तेही सीताफळ-चारोळीचे, जिथं खुंटंच नाहीत अशा उघड्या टेकाडावर.

पायऱ्या लागल्या की खालून वर वाचायचं: "जर हे झालं, तर ते होईल." जर प्रतवारी शिकवली, तर घरांना पैसा मिळेल. इथं पाय अडतो. शिकवलं, पण माल कोण गोळा करणार? गाडी कोणाची? विकणार कोणाला? मधली पायरी नाही. म्हणून दुसरं फलित लिहावं लागलं: समिती सीताफळ एकत्र गोळा करते, निवडते आणि स्वतःच्या नावानं विकते. त्याच्याखाली क्रेट, गाडी, खरेदीदाराशी बोलणं, हिशेबाची वही ही कामं आली. शिकवणं हे त्यातलं फक्त एक.

शब्दांनी शिडी जुळली तरी आकड्यांनी जुळते का ते बघावं लागतं. या गावाच्या कच्च्या तक्त्यात लिहिलं होतं की तिसऱ्या हंगामात समिती 60 क्विंटल सीताफळ विकेल आणि 50 घरांना 5000 रुपयांपेक्षा जास्त मिळतील. हिशेब करा. 60 क्विंटल म्हणजे 6000 किलो. किलोला 30 रुपये धरले तर 1,80,000. क्रेट, गाडी, तूट यांना 40,000 गेले. उरले 1,40,000. पन्नास घरांना 5000 द्यायचे तर 2,50,000 लागतात. म्हणजे तक्ता आधीच खोटा आहे. घराला 2500 धरले तर 1,25,000 होतात आणि समितीजवळ 15,000 उरतात. तो आकडा खरा, तोच लिहावा.

मग वरची पायरी. 2500 रुपयांनी कोणी ऊसतोडीला जायचं थांबेल का? मुकादमाची उचल याच्या कितीतरी पट असते. थांबणार नाही. म्हणून "स्थलांतर 41 घरांवरून 25 घरांवर आणू" असं या प्रस्तावात लिहू नये. ते लिहिलं तर काम सगळं नीट होऊनही तिसऱ्या वर्षी गाव नापास ठरतं, आणि कागदावर शेरा पडतो की वनहक्कानं काही साधत नाही. ध्येयाच्या ओळीत एवढंच लिहावं की स्थलांतर कमी व्हायला हातभार, आणि दरवर्षी मोजणी करू. चारा, तेंदूपत्ता, रोजगार हमी अशी दुसरी कामं जोडल्यावर तो आकडा हलेल.

आता दुसरा रकाना, सूचक. सूचक म्हणजे काम साधलं की नाही हे ओळखायची खूण. चांगल्या सूचकात चार गोष्टी हव्यात: काय मोजणार, आज किती आहे, किती व्हायला हवं, आणि कधीपर्यंत. यातला "आज किती आहे" हा आकडा बहुतेक तक्त्यांत नसतो. तो नसेल तर बाकी तिन्ही फुकट. म्हणून पैसा येण्याआधी एक मोजणी करून ठेवा.

चुकीचा सूचक घेतला तर चांगलं काम वाईट दिसतं. वणव्याचंच पाहा. "वणव्यांची संख्या कमी होईल" असं लिहिलं. गावानं पाळीनं राखण सुरू केली. आता पूर्वी कोणाला न दिसणाऱ्या लहान आगीही दिसायला लागल्या, वहीत चढल्या. पहिल्या वर्षी आकडा वाढला! खरं तर त्या आगी वेळेत विझल्या होत्या. म्हणून आगी मोजू नका, जळालेली जमीन मोजा. जूनच्या आत, पाऊस पडून हिरवं व्हायच्या आधी, जळालेल्या कडेनं पावलं मोजत फिरा आणि नकाशावर रंगवा.

नव्या वाढीसाठी 10 मीटर बाय 10 मीटरचे चौकोन दोरीनं आखा. दर 10 हेक्टरला एक, म्हणजे 160 हेक्टरला 16. चांगल्या जागा निवडू नका, जंगलाच्या एका टोकापासून सारख्या अंतरावर जिथं पडेल तिथं. चारी कोपऱ्यांना दगड रोवा, म्हणजे पुढच्या वर्षी तीच जागा सापडेल. कमरेच्या वर उंची गेलेली झाडं मोजा. बाया-पोरं मिळून दोन दिवसांत हे होतं.

पैशाचं सूचक घरोघरी जाऊन "तुमचं उत्पन्न किती" असं विचारून घेऊ नका. खरं कोणी सांगत नाही, आणि कोणाला पक्कं माहीतही नसतं. समितीच्या वहीत कोणत्या घराला किती दिले हे लिहिलेलं असतं, तेवढं पुरे. स्थलांतरासाठी 26 जानेवारीच्या दिवशी पूर्ण कुटुंबासह बंद असलेली घरं मोजा. दरवर्षी तोच दिवस. या खुणा गावाला स्वतः मोजता येतात, त्याला बाहेरचा माणूस लागत नाही. ज्याच्या हातात मोजमाप, त्याच्या हातात निकाल.

तिसऱ्या रकान्यात पुरावा, म्हणजे तो आकडा कुठं लिहिलेला सापडेल. हे सगळं भरून नमुन्याचा तक्ता असा दिसतो:

| पायरी | सूचक (आज → तिसऱ्या वर्षी) | पुरावा | धरून चाललेली गोष्ट |
|---|---|---|---|
| ध्येय: स्थलांतर कमी व्हायला हातभार | 26 जानेवारीला बंद घरं: आज 74 पैकी 41, दरवर्षी मोजणी | ग्रामसभेची नोंद | – |
| हेतू: घरांना जंगलातून दर हंगामात पैसा | 2500 रुपये मिळालेली घरं: 0 → 50 | समितीची हिशेब वही | गावाच्या इतर गरजांसाठी दुसऱ्या योजना चालू राहतील |
| फलित 1: जंगल राखलेलं, नवी वाढ उभी | जळालेली जमीन: 45 → 8 हेक्टर, चौकोनात कमरेवरची झाडं, सरासरी: 4 → 9 | रंगवलेला नकाशा, मोजणी वही | सीताफळाला मोठा रोग पडणार नाही |
| फलित 2: समिती माल गोळा करून विकते | विकलेलं सीताफळ: 0 → 60 क्विंटल | पास बुक, विक्री पावत्या | भाव किलोला 30 च्या फार खाली जाणार नाही |
| कामं: जाळरेषा, राखणीच्या पाळ्या, चराईची पाळी, 800 रोपं, पास बुक छापणे, प्रतवारी, क्रेट, शेजारगावाशी ठराव | कामाचे दिवस व खर्च | हजेरी, पावत्या | सलग दोन वर्षं पाऊस सरासरीच्या तीन-चतुर्थांशाखाली जाणार नाही |

शेवटचा रकाना कसा वाचायचा तेही सांगतो. तो खालून, तिरपा वाचतात. "जर ही कामं झाली, आणि शिवाय पाऊस असा पडला, तर ही फलितं मिळतील. जर फलितं मिळाली, आणि शिवाय भाव टिकला, तर हेतू गाठेल." म्हणजे धरून चाललेली गोष्ट नेहमी वरच्या पायरीकडे नेणारी असते. कागदोपत्री मराठीत तिला गृहीतक म्हणतात.

हा रकाना आमच्या नमुन्यात आता नीट दिसतो. पण सल्लागाराच्या कच्च्या तक्त्यात तो वेगळा असतो. तिथं बहुतेक ही चार वाक्यं सापडतात: ग्रामस्थ सहकार्य करतील. वन विभाग वाहतूक परवाना देईल. शेजारच्या गावाची ढोरं येणार नाहीत. व्यापारी योग्य भाव देईल. वाचायला साधी वाटतात. एकेक उलगडून पाहू.

"ग्रामस्थ सहकार्य करतील." यात सहकार्य कोणाला? काम कोणाचं आहे? जंगल ग्रामसभेचं, समिती ग्रामसभेची, नियोजन ग्रामसभेचं. मग गाव स्वतःलाच सहकार्य करणार का? हे वाक्य लिहिलं गेलं की समजावं, तक्ता भरणाऱ्याच्या डोक्यात काम संस्थेचं आहे आणि गाव म्हणजे पावसासारखी बाहेरची गोष्ट आहे, साथ देईल किंवा देणार नाही. काम फसलं तर दोष तयार आहे: लोकांनी सहकार्य केलं नाही. हे वाक्य काढून टाका. राखणीला लोक येतील का अशी शंका खरीच असेल तर ती कामाच्या ओळीत आणा: पाळ्या कोण ठरवणार, ज्या घरातला करता माणूस ऊसतोडीला गेला त्याची पाळी कोण करणार, चुकला तर काय.

"वन विभाग वाहतूक परवाना देईल." हे वाक्य जास्त घातक आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. बांबू त्यांचा झाला, पण विकलेला बांबू बाहेर न्यायला पास मिळेना. 2011 च्या एप्रिलमध्ये पास बुक ग्रामसभेच्या हातात आलं, तेही केंद्राचे तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा. त्यानंतर 2012 साली वनहक्काच्या नियमांत दुरुस्ती झाली. आता गौण वनोपजाचा पास ग्रामसभेच्या समितीनं किंवा ग्रामसभेनं नेमलेल्या माणसानं द्यायचा आहे, आणि त्या निर्णयाला मंजुरी ग्रामसभेनं द्यायची आहे. मग तक्त्यात "वन विभाग देईल" असं लिहिणं म्हणजे कायद्यानं दिलेलं आपल्याच हातानं परत करणं. हक्क हा गृहीतक होत नाही. तो कामाच्या ओळीत जातो: पास बुक छापणे, सहीचा माणूस ठरवणे, ठरावाची प्रत वन परिक्षेत्र कार्यालयाला आणि तहसीलदाराला पोच घेऊन देणे.

"शेजारच्या गावाची ढोरं येणार नाहीत." येतील. दरवर्षी येतात. जी गोष्ट होणार नाही हे आपल्याला पक्कं माहीत आहे, ती होईल असं धरून चालणं म्हणजे स्वतःला फसवणं. इथं उपाय आपल्या हातात आहे. शेजारच्या ग्रामसभेसोबत बसून कोणता भाग कोणत्या वर्षी बंद, कोणता खुला, पाण्यावर जायची वाट कोणती, हे ठरवायचं. त्यांचा परंपरागत चराईचा हक्कही कायदा मानतो, म्हणून नुसती बंदी टिकणार नाही. वाटाघाट हे काम आहे, तेही खालच्या ओळीत गेलं.

"व्यापारी योग्य भाव देईल." अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावाचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. 2012 साली त्यांना सामूहिक हक्क मिळाला आणि सीताफळ ग्रामसभेनं स्वतः निवडून, भरून मोठ्या शहराच्या बाजारात विकलं. व्यापाऱ्यावर जे सोडलं असतं ते त्यांनी आपलं काम केलं. तरीही भाव पूर्ण आपल्या हातात येत नाही. बाजार पडतो. म्हणून अर्धी गोष्ट कामात गेली आणि अर्धी रकान्यात राहिली, तीही आकड्यासह: किलोला 30 च्या फार खाली नाही.

यावरून एक रीत बसवता येते. रकान्यातल्या प्रत्येक वाक्याला विचारा: हे आपल्या किंवा कायद्याच्या हातात आहे का? असेल तर ते कामात न्या. नसेल तर: हे घडण्याची शक्यता किती? जवळजवळ नक्की असेल तर लिहायची गरजच नाही. घडेल असं वाटतं पण खात्री नाही, ते रकान्यात ठेवा, आणि त्यावर लक्ष कोण ठेवणार त्याचं नाव लिहा. पावसाचा आकडा महसूल मंडळाच्या नोंदीतून दर महिन्याला कोण आणणार, भाव कोण विचारणार. आणि घडणारच नाही असं दिसत असेल, आणि आपल्या हातातही काही नसेल, तर तो प्रस्तावच मागे घ्या. तक्त्याच्या भाषेत याला मारक गृहीतक म्हणतात.

असं मारक गृहीतक आपल्याकडे एक नेहमी दिसतं: "सामूहिक दाव्याला लवकरच मंजुरी मिळेल." दावा उपविभागीय समितीत पडून आहे, आणि प्रस्ताव मात्र त्याच जंगलात रोपं लावायचा. पैसा आला, खड्डे खणले, आणि मग जागा कोणाची यावर काम अडलं, तर पैसा परत आणि डाग गावावर. अशा ठिकाणी तक्त्यातला हेतूच बदला. आधीचा प्रस्ताव दाव्याचा: नकाशा, पुरावे, म्हाताऱ्यांचे जबाब, पाठपुरावा. रोपं नंतर.

तक्त्याला मर्यादाही आहेत. तो जंगलातल्या देवाच्या जागेचं मोल सांगत नाही, आणि ते त्यात कोंबूही नये. तीन वर्षांत गोष्टी बदलतात, पण छापलेला तक्ता बदलत नाही. म्हणून प्रस्तावातच एक वाक्य घाला: हेतू दोन्ही बाजूंच्या संमतीनंच बदलेल, पण कामं आणि त्यांचा क्रम ग्रामसभा ठरावानं बदलू शकेल. नियमानं नियोजनाच्या आराखड्यात फेरबदल मंजूर करायचा अधिकार ग्रामसभेचाच आहे, तो करारात गमावू नका.

साथींनो, पुढच्या वेळी कोणी भरलेला तक्ता सहीला आणला, तर तो ग्रामसभेत मोठ्यानं वाचायला सांगा. निम्मी माणसं हजर हवीत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. वाचन शेवटच्या रकान्यापासून सुरू करा. प्रत्येक वाक्यानंतर एकच प्रश्न विचारा: हे झालं नाही, तर दोष कोणाचा? उत्तर "गावाचा" येत असेल आणि गावाला ते आधी कोणी विचारलं नसेल, तर त्या दिवशी सही करू नका.